वटाव: कळंबमधल्या एका सर्व्हर-खरेदीचा हिशोब

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर अठरा माणसांची एक कंपनी आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांना खोल्यांचे आरक्षण आणि बिले यांसाठी लागणारे सॉफ्टवेअर ती पुरवते. कंपनी बहीण-भावाची आहे. विक्री आणि पैसा भाऊ पाहतो, यंत्रे बहीण सांभाळते. मी आयुष्यभर परिव्यय लेखापालाचे, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचे काम केले आणि त्यांच्या वडिलांशी माझा जुना स्नेह होता. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात भावाने एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, फक्त बेरीज बरोबर आहे का, ते सांगा."

बेरीज बरोबर होती. कागदाच्या डाव्या बाजूला क्लाउडचे भाडे होते. दुसऱ्याच्या यंत्रांवर आपले काम चालवण्यासाठी कंपनी दरमहा सुमारे ६५ हजार रुपये भरते, म्हणजे वर्षाला ७ लाख ८० हजार आणि पाच वर्षांत ३९ लाख. उजवीकडे स्वतःचे सर्व्हर. प्रत्येकी साडेचार लाखांची दोन यंत्रे (एक कामाचे, एक ते बंद पडले तर), यूपीएस आणि बॅटऱ्या १ लाख ६० हजार, रॅक, एसी, नेटवर्कचे सामान १ लाख ४० हजार, असे १२ लाख. त्यावर पाच वर्षांची वीज ६ लाख ३० हजार आणि इंटरनेटची दुसरी जोडणी ६ लाख. एकूण २४ लाख ३० हजार. बचत १४ लाख ७० हजार. खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

पैशाचीही सोय होती. गावाकडच्या जमिनीचा एक तुकडा विकून आलेले बारा लाख आईच्या नावे मुदत ठेवीत होते. आई कंपनीची संचालक आहे आणि तिची हरकत नव्हती. भाडे भरत राहण्यापेक्षा घर बांधावे, ही आपल्याकडची शहाणपणाची जुनी गोष्ट, तीच इथे लागू करायची होती. पण सर्व्हर म्हणजे घर नव्हे. घराच्या किमती वाढतात. सर्व्हर पाच वर्षांनी विकायला काढला तर येणारे पैसे वाहतूक खर्चाच्या जवळपास असतात.

मी प्रथम कागदावर नसलेल्या रकमा विचारल्या. सर्व्हरची हमी तीन वर्षांची. चौथ्या आणि पाचव्या वर्षी देखभालीचा करार करावा लागेल, वर्षाला ९० हजार. यूपीएसच्या बॅटऱ्या साधारण तीन वर्षांत दम सोडतात, त्या बदलायला ६० हजार. माहितीची रोजची प्रत इमारतीबाहेर दुसरीकडे ठेवावी लागेल, कारण आग आणि चोरी दोन्ही सर्व्हर एकाच खोलीतून नेऊ शकतात. त्याचे वर्षाला ६० हजार. यंत्रे विकून शेवटी ६० हजार परत मिळतील असे धरले.

मग मी बहिणीकडे वळलो. यंत्रे स्वतःची झाली की तिचे काम किती वाढेल? तिने भावाकडे न बघता सांगितले, "आठवड्याला आठ तास तरी. आणि ते दिवसा नसतात." क्लाउडवरही तिला काम असतेच, हे आठ तास त्याच्या वरचे होते. डिस्क बदलणे, नव्या सुरक्षा-दुरुस्त्या रात्री बसवणे, यूपीएस कोरडा पडायच्या आत यंत्रे नीट बंद करणे. कंपनी तिचा तास ग्राहकाला ४५० रुपयांना लावते. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ४०० तास, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. भावाच्या कागदावर या कामाची रक्कम शून्य होती. "ताई तर घरचीच आहे," असे तो म्हणाला. घरच्या माणसाचे श्रम खर्चात न धरण्याची ही सवय मी भातशेतीच्या हिशोबात पाहिली आहे, किराणा दुकानाच्या हिशोबात पाहिली आहे. सॉफ्टवेअर कंपनीत ती असेल असे का कोण जाणे, वाटले नव्हते.

हे सगळे मिळवल्यावर स्वतःच्या सर्व्हरचा पाच वर्षांचा खर्च ३८ लाख १० हजार झाला. क्लाउडचा ३९ लाख. पावणेपंधरा लाखांची बचत ९० हजारांवर आली. तरीही बचतच होती, आणि भाऊ तेवढ्यावरही खूष होता. इथे वटावाचा प्रश्न येतो.

वटाव हा शब्द आपल्याकडे हुंडीबरोबर आला. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या रकमेची हुंडी आज मोडायची तर सावकार थोडी रक्कम कापून घेई. ती कपात म्हणजे वटाव. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा लहान असतो, एवढेच त्यामागचे तत्त्व. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, मिश्रकव्यवहाराच्या प्रकरणात एक उदाहरण आहे: दरमहा शेकडा पाच व्याजाने वर्षअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती? उत्तर ६२५. विद्यार्थी हे गणित व्याजाचे म्हणून सोडवतो. पण उलट्या बाजूने वाचले तर ते सांगते की त्या बाजारात वर्षाने मिळणाऱ्या हजार रुपयांची आजची किंमत ६२५ आहे. सर्व्हर आणि क्लाउड यांची तुलना नेमकी हीच आहे. एका बाजूला आजचे बारा लाख आहेत, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांत विखुरलेली भाडी. वेगवेगळ्या वर्षांचे रुपये सरळ एकत्र मिळवणे म्हणजे डॉलर आणि रुपये यांची एकत्र बेरीज करण्यासारखेच आहे.

दर कोणता धरायचा, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. भावाचे म्हणणे, "पैसा घरचा आहे, व्याज कुणाला द्यायचंय?" मी विचारले, कंपनीचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे का? होते, आणि त्यावर बारा टक्के व्याज चालू होते. म्हणजे आईचे बारा लाख त्या खात्यात भरले तर वर्षाला १ लाख ४४ हजार व्याज वाचणार होते. ते बारा लाख सर्व्हरमध्ये घातले की ही बचत गेली. ती कुणाला चेकने द्यावी लागत नाही, म्हणून दिसत नाही. तेव्हा दर बारा टक्के. आईला ठेवीवर मिळणारे सात टक्के हा दर लावणे हीसुद्धा चूक ठरेल, कारण पैशाला त्याहून चांगला उपयोग दाराशी उभा होता.

बारा टक्क्यांनी वर्षाने द्यायचा एक रुपया आज ८९ पैशांचा होतो, पाचव्या वर्षाचा ५७ पैशांचा. पाच वर्षे दरवर्षी एक रुपया द्यायचा असेल तर आज त्याचे ओझे पाच रुपये नसून ३ रुपये ६० पैसे असते. (भाडे महिन्याला जाते आणि मी ते वर्षअखेर धरतो आहे. पण वीज, इंटरनेट आणि श्रम यांनाही तीच सूट दिली असल्याने तुलनेत फारसा फरक पडत नाही.) क्लाउडचे वर्षाचे ७ लाख ८० हजार या मापाने आजचे २८ लाख १२ हजार झाले. स्वतःच्या सर्व्हरचे सुरुवातीचे बारा लाख मात्र बाराच राहिले, कारण ते आजच द्यायचे आहेत. वर्षाला लागणारे वीज, इंटरनेट, बाहेरची प्रत आणि बहिणीचे तास मिळून ४ लाख ८६ हजार, त्यांची आजची किंमत १७ लाख ५२ हजार. त्यात देखभाल-करार आणि बॅटऱ्या मिळवून व शेवटची विक्री वजा करून एकूण ३० लाख ६९ हजार.

निकाल उलटला. साध्या बेरजेत ९० हजारांनी स्वस्त असलेले सर्व्हर वटावानंतर २ लाख ५७ हजारांनी महाग ठरले. भावाने सात टक्क्यांनी पुन्हा करायला लावले. तरी क्लाउड १ लाख ३४ हजारांनी पुढे. मग आम्ही उलटा प्रश्न विचारला: कोणत्या दराला दोन्ही पर्याय सारखे होतात? अडीच टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ असा की सर्व्हर-खरेदीकडे गुंतवणूक म्हणून पाहिले, तर जमिनीच्या त्या पैशावर ती बचत खात्याइतका परतावा देणार होती, आणि त्यासाठी बहिणीला रात्री जागायला लावणार होती.

करामुळे चित्र बदलेल का, हे तपासले. क्लाउडचे भाडे त्या त्या वर्षी पूर्ण खर्च म्हणून वजा होते, तर सर्व्हरवर घटत्या शिलकीने ४० टक्के घसारा मिळतो. सवलतीचा दर स्वीकारलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर लागतो. सोयीसाठी सगळ्या बारा लाखांना तोच घसारा धरून करानंतरचा हिशोब केला, तर क्लाउड २ लाख ७३ हजारांनी पुढे, म्हणजे जवळजवळ तिथेच. एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे यंत्र दसऱ्याला किंवा पाडव्याला घ्यायचे असते. आयकराचा नियम म्हणतो की पहिल्या वर्षी मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्माच. दिवाळीच्या पाडव्यापासून ३१ मार्चपर्यंत तेवढे दिवस उरतच नाहीत. बारा लाखांच्या खरेदीवर मुहूर्तापायी साठ हजार रुपये कर आधी भरावा लागतो. तो पुढच्या वर्षांत परत येतो, पण आपण आत्ताच पाहिले की पुढच्या वर्षांतला रुपया लहान असतो.

इथे थांबलो असतो तर हा लेख क्लाउडची जाहिरात झाला असता. पण बहिणीने एक रास्त शंका काढली. क्लाउडचे बिल पाच वर्षे ६५ हजारांवर थांबेल, हे कोणी सांगितले? ग्राहक वाढले की बिल वाढते. स्वतःच्या दोन यंत्रांत मात्र आजच्या दुप्पट कामाला जागा आहे. तेव्हा बिल दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते असे धरले. क्लाउडची आजची किंमत २८ लाखांवरून ३३ लाख ६० हजारांवर गेली आणि सर्व्हर २ लाख ९१ हजारांनी जिंकले. सीमारेषा शोधली तर ती वर्षाला जवळजवळ पाच टक्के निघाली. बिल त्याहून हळू वाढणार असेल तर भाडे परवडते, भरभर वाढणार असेल तर खरेदी. व्याजाचा दर सातावरून बारावर नेऊन जे होत नाही, ते वाढीचा आकडा दोन-चार टक्के हलवून होते.

आणि या वाढीत एक भाग ग्राहकांशी अजिबात संबंध नसलेला आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे दरपत्रक मुळात डॉलरमध्ये असते. बिल रुपयांत आले तरी त्या दिवशीचा विनिमय दर त्यात असतो. ॲमेझॉनने आपले मुंबईचे केंद्र जून २०१६ मध्ये सुरू केले तेव्हा डॉलर सुमारे ६७ रुपये होता. २०२४च्या अखेरीस तो ८४च्या पुढे गेला. म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन टक्के. पाचातले तीन टक्के काहीही न करता वाढतात. सर्व्हरही आयात केलेल्या भागांचाच असतो, पण त्याचा डॉलर आपण एकदाच, आजच्या भावाने देतो. खरेदीच्या बाजूचा हा खरा आणि बहुतेक हिशोबांत न येणारा फायदा आहे. उलट बाजूला, क्लाउड कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी नवी, त्याच पैशात अधिक काम करणारी यंत्रे आणतात. मात्र आपले काम उचलून त्यांवर नेण्याचे कष्ट घेतले तरच ती स्वस्ताई मिळते. बहुतेक लहान कंपन्या ते घेत नाहीत.

क्लाउड सोडून स्वतःच्या यंत्रांकडे परतलेल्या कंपन्यांत थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचे नाव नेहमी घेतले जाते, आणि भावानेही ते घेतले. त्यांचे २०२२चे क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होते आणि त्यांनी घेतलेले सर्व्हर सुमारे सात लाख डॉलरचे. बिलातला साठवणीचा भाग त्यांनी पहिल्या टप्प्यात हलवला नव्हता, तरीही प्रमाण पाहावे: यंत्रांची किंमत वर्षाच्या बिलाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. अशा ठिकाणी पैसे महिन्यांत वसूल होतात आणि वटाव लावला काय, न लावला काय, उत्तर एकच. शिवाय यंत्रे सांभाळणारी माणसे त्यांच्याकडे आधीच होती आणि यंत्रे भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये राहिली. कळंबमध्ये यंत्रांची किंमत वर्षाच्या बिलाच्या दीडपट होती. कारण लहान कंपनीलाही दुसरे यंत्र, यूपीएस आणि एसी पूर्ण घ्यावे लागतात. पाव एसी मिळत नाही. बहिणीचे आठ तासही ग्राहक शंभर असोत की हजार, फारसे बदलत नाहीत.

कळंबचा पाऊस हिशोबात कसा आणायचा, हा पुढचा पेच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात विजेचे काय केले, ते इथल्यांना सांगावे लागत नाही. तेवढे मोठे नसले तरी पावसाळ्यात झाड पडून तास-दोन तास वीज जाते. यूपीएस तेवढे निभावतो, त्यापुढे नाही. मी शक्यतांची कोष्टके मांडली नाहीत. बिल दहा टक्क्यांनी वाढते या, सर्व्हरला अनुकूल अशा अंदाजातले २ लाख ९१ हजार घेतले आणि ३.६०ने भागले. वर्षाला ८१ हजार आले. स्वतःचे सर्व्हर ठेवून जास्तीत जास्त एवढे वाचेल. मग भावाला विचारले, पावसाळी शनिवारी पूर्ण दिवस आरक्षण बंद राहिले तर किती जाते? त्याच्या अंदाजाने चाळीस हजार, नाराज ग्राहक वेगळे. म्हणजे वर्षाला असे दोन दिवस जास्तीचे गेले की बचत संपली. यावर उपाय म्हणजे आपली यंत्रे नवी मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवणे. तिथे वीज, जनरेटर, थंडावा सगळे मिळते, पण त्या जागेचे भाडे भरावे लागते आणि डिस्क बदलायला बहिणीला कळंबहून जावे लागते. दोन यंत्रांसाठी ते जुळेना.

आणखी एक आकडा भावाला आवडला नाही, पण त्याने तो लिहून घेतला. दोन वर्षांत मोठे ग्राहक गेले आणि धंदा आवरावा लागला तर काय? क्लाउड बंद करता येतो. तोवर आजच्या किमतीने १३ लाख १८ हजार गेलेले असतील. सर्व्हर घेतले असतील आणि ते चार लाखांना विकले गेले, तर १७ लाख २ हजार. जवळपास चार लाखांचा फरक, तोही नेमका पैसा नसताना.

एवढ्या सगळ्यानंतर निर्णय वाढीच्या आकड्यावर अडला होता, म्हणून बहिणीने मागच्या दोन वर्षांची बिले काढली. बिल वर्षाला अकरा टक्क्यांच्या आसपास वाढले होते. भावाचा चेहरा उजळला. पण ग्राहक तेवढे वाढले नव्हते, म्हणून तिने बिलाच्या ओळी एकेक करून तपासल्या. चाचणीसाठी उभी केलेली आणि बंद करायची राहून गेलेली दोन यंत्रे दिवसरात्र चालू होती. काढून टाकलेल्या डिस्कांच्या दोन वर्षांच्या प्रती साठून होत्या. एका सोडून गेलेल्या ग्राहकाचा सगळा साठाही अजून भाडे खात होता. क्लाउडचा हा खास दोष आहे. घेतलेला सर्व्हर विसरला तर तो खोलीत गुरगुरत राहतो आणि दिसतो. भाड्याचे यंत्र विसरले तर ते फक्त बिलातल्या एका ओळीत असते. दीड दिवसाच्या सफाईनंतर महिन्याचे बिल ५८ हजारांवर आले.

हिशोब पुन्हा केला. वर्षाला ६ लाख ९६ हजार, आणि वाढ शून्य धरली तर आजची किंमत २५ लाख ९ हजार. सर्व्हर परवडण्यासाठी हे नवे बिल आता पाच नव्हे, सव्वाअकरा टक्क्यांनी दरवर्षी वाढायला हवे होते. रुपयाच्या घसरणीचे तीन टक्के वजा केले तरी आठ टक्के वाढ खऱ्या कामाची हवी, तीही पाच वर्षे सलग.

सर्व्हर घेतले नाहीत. आईची ठेव मोडून बारा लाख कंपनीला तिच्या नावे कर्ज म्हणून आले आणि ते कॅश क्रेडिट खात्यात भरले गेले. बँकेला देत होते त्यातले नऊ टक्के आता ते तिला देतात. बहीण दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी बिलाच्या ओळी वाचते आणि वाढीचा आकडा त्या जुन्याच कागदाच्या मागे लिहिते. पुढच्या पानावर भावाने सव्वाअकराची एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. पहिल्या तीन तिमाह्यांचे ठिपके तिच्या बरेच खाली आहेत, चौथा थोडा वर सरकलेला आहे, आणि तो ग्राहकांमुळे सरकला की डॉलरमुळे, यावर ते दोघे मी गेलो त्या दिवशी वाद घालत होते.